पुरळावर लिंबू, हळद, टूथपेस्ट लावल्यावर त्वचा का भाजते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचारोगाच्या ओपीडीत रोज एक तरी पेशंट असा येतो, ज्याचं मूळ पुरळ साधं होतं आणि त्यावर जे लावलं त्याने ते बिघडलं. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती म्हणजे वेळ. लावल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला, यावरून नेमकं काय झालं ते बरंचसं कळतं.

लिंबू लावलं की झोंबतं. झोंबतंय म्हणजे आतले जंतू मरतायत ना?

नाही. झोंबतंय म्हणजे आम्ल मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचलंय.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कौलारू छपरासारखा असतो. चपट्या, मेलेल्या पेशी एकावर एक रचलेल्या आणि मधल्या फटी चरबीने लिंपलेल्या. अंगाच्या बहुतेक भागावर हा थर कागदापेक्षाही पातळ असतो, पण त्याच्यामुळेच बाहेरचं आत जात नाही आणि आतलं पाणी उडून जात नाही. लिंबू कापताना धडधाकट हाताला काही होत नाही ते या थरामुळे. पुरळ आलेल्या जागी नेमकी हीच कौलं सरकलेली असतात. खाजवून नखं लागली असतील तर काही ठिकाणी छप्पर उरलेलंच नसतं. म्हणून शेजारच्या चांगल्या त्वचेला जे अजिबात लागत नाही, ते पुरळावर आगीसारखं झोंबतं.

पण लिंबू तर नैसर्गिक आहे. त्याने भाजेल कसं?

लिंबाच्या रसाचा पीएच साधारण 2 ते 2.5 असतो आणि त्वचेच्या पृष्ठभागाचा 5 च्या आसपास. हा फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे, कारण या मोजपट्टीवर एक आकडा खाली आलं की आम्लता दहापट वाढते. म्हणजे त्वचेच्या मानाने लिंबाचा रस शेकडो पटींनी आम्लधर्मी आहे. तो तुटक्या त्वचेवर लावून वाळू दिला तर पाणी उडून जातं, आम्ल अधिक तीव्र होतं आणि तिथल्या पेशींना इजा होते. तासाभरातच जागा लालभडक होते, चुरचुरते आणि दुसऱ्या दिवशी साल सुटायला लागते. याला क्षोभजन्य त्वचादाह म्हणतात. सोप्या शब्दांत, रसायनाने झालेलं हलकं भाजणं. त्यासाठी अ‍ॅलर्जी असावी लागत नाही.

लावलं तेव्हा काहीच झालं नाही. दोन दिवसांनी फोड आले. मग ते लिंबामुळे कसे असतील?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लिंबाची ही दुसरी इजा आम्लाने होत नाही. ती होते लिंबू आणि ऊन एकत्र आल्यावर.

लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत सोरालेन गटातली द्रव्यं असतात. अंधारात ती त्वचेवर नुसती पडून राहतात. त्यांच्यावर उन्हातले अतिनील ‘ए’ किरण पडले की ती त्वचेच्या पेशींमधल्या डीएनएला चिकटतात आणि पेशी मरतात. हाच गुणधर्म वापरून डॉक्टर सोरायसिस आणि कोडावर सोरालेन आणि अतिनील किरणांचे उपचार करतात. पण तिथे औषधाची मात्रा मोजलेली असते आणि प्रकाश सेकंदांच्या हिशोबाने वाढवला जातो. घरी लिंबू चोळून उन्हात गेलेल्या माणसावर तोच उपचार कसलंही मोजमाप न करता होतो.

पेशी मरायला आणि सूज यायला वेळ लागतो. त्यामुळे लाली बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते, आणि फोड व आग दोन ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त असते. तोपर्यंत लिंबू लावलेलं माणूस विसरून गेलेलं असतं. ‘मूळ पुरळच वाढलं’ असं वाटतं आणि त्यावर पुन्हा लिंबू लावलं जातं. फायटोफोटोडर्मटायटिस हे याचं नाव. हीदेखील अ‍ॅलर्जी नाही. पुरेसा रस आणि पुरेसं ऊन मिळालं तर कोणाच्याही त्वचेवर हे होईल.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं?

एक केस सविस्तर सांगते. तिशीतली एक बाई मानेवर फोड घेऊन आली. तिचं म्हणणं, ‘नागीण झाली असावी.’

सुरुवात दहा दिवस आधीची होती. मानेच्या मागे, केस संपतात तिथे, नाण्याएवढा खाजरा चट्टा उठला होता. सोमवारी सकाळी तिने अर्धं लिंबू त्यावर थेट चोळलं. थोडं झोंबलं, मग थांबलं. केस वर बांधून ती बाहेर पडली आणि दुपारपर्यंत उन्हात होती. संध्याकाळी मान अगदी ठीक होती. मंगळवारी दुपारनंतर मान तापल्यासारखी वाटायला लागली आणि रात्री उशी लागली तरी दुखत होतं. बुधवारी सकाळी पाणी भरलेले फोड दिसले. गार वाटावं म्हणून तिने त्यावर टूथपेस्टचा थर दिला आणि तो वाळू दिला. गुरुवारी तो थर खरवडून काढताना फोडांची साल त्याच्याबरोबर निघून आली, आणि ती आमच्याकडे आली.

निदान झालं ते आकारावरून. नागिणीचे फोड एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, घोसाघोसाने येतात. हिच्या मानेवर मूळ चट्ट्यापासून खाली पाठीकडे दोन बारीक रेघा उतरल्या होत्या. एक लांब, एक आखूड, दोन्हींच्या टोकाशी थेंबाएवढा फुगवटा. रस ओघळला होता त्याच वाटेने त्वचा भाजली होती. ब्लाऊजच्या काठाशी रेघ सुरीने कापल्यासारखी थांबत होती, कारण कापडाखाली ऊन पोहोचलं नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांवरही लालसर डाग होते. त्याच बोटांत तिने लिंबू धरलं होतं.

उपचार साधे होते. पेस्टचे उरलेले कण भरपूर पाण्याने सोडवले, गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या, उघड्या जागी पेट्रोलियम जेली आणि त्यावर न चिकटणारं ड्रेसिंग, सुजलेल्या भागाला काही दिवसांसाठी स्टिरॉइडचं मलम. दहाएक दिवसांत जखम भरली. तपकिरी रेघा मात्र पुढे काही महिने राहिल्या.

मूळ चट्ट्याचं काय? तो होता गळ्यातल्या साखळीच्या कडीखाली. मान पूर्ण बरी झाल्यावर पॅच टेस्ट केली, तेव्हा तिला निकेल या धातूची अ‍ॅलर्जी निघाली. साखळी काढली असती तर तो चट्टा आपोआप गेला असता.

लिंबू रात्री लावलं किंवा घरातच राहिलं तर चालेल का?

रात्री लावून नीट धुतलं तर उन्हाची इजा टळेल, आम्लाची टळणार नाही. आणि ‘घरातच’ यावर भिस्त ठेवू नका. अतिनील ‘ए’ किरणांचा बराच भाग खिडकीच्या साध्या काचेतून आणि ढगांतूनही येतो.

हळद तर दाह कमी करते ना? मग तिची रिअ‍ॅक्शन कशी येईल?

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत पेशींमधला दाह कमी करताना दिसतं, हे खरं आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पाण्यात कालवलेल्या लेपातून ते औषधाच्या मात्रेत त्वचेत उतरेल असं समजायला आधार नाही. लेपातून त्वचेला मिळतात ती बारीक, कोरडी कणी आणि रंग. लेप वाळताना आकसतो, आधीच कोरड्या झालेल्या त्वचेला भेगा पाडतो, आणि काढताना कणी घासली जाते. शिवाय डब्यातली पूड निर्जंतुक नसते. ओल्या, लस येणाऱ्या चट्ट्यावर ती लावणं म्हणजे जखमेत पूड भरणंच.

दुसरा भाग अ‍ॅलर्जीचा. कर्क्युमिनची संपर्कजन्य अ‍ॅलर्जी सर्रास नसली तरी वैद्यकात चांगली नोंदलेली आहे. ती पहिल्यांदा लावताक्षणी दिसत नाही. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी आधी त्या पदार्थाची ओळख करून घेतात आणि त्याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, कधी कित्येक वर्षंही जातात. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी लावल्यावर एक ते तीन दिवसांत तिथे खाज, सूज, बारीक पाण्याचे फोड उठतात. म्हणून ‘मी आयुष्यभर हळद लावतेय, मला कधी काही झालं नाही’ हा पुरावा ठरत नाही. संपर्क जितका जास्त, तितकी ओळख पटण्याची संधी जास्त. त्यातही फुटलेल्या त्वचेवर लावलं तर पदार्थ सहज आत जातो. पुरळावर लावणं हे चांगल्या त्वचेवर लावण्यापेक्षा जास्त जोखमीचं आहे ते यासाठी.

हळद पोटात जाणं वेगळं. त्वचेवर रिअ‍ॅक्शन आली म्हणून प्रत्येकाला जेवणातली हळद बंद करावी लागत नाही, पण अंगभर पुरळ उठत असेल तर डॉक्टरांना विचारा.

हळदीने सगळी कातडी पिवळी झालीय. खाली काय चाललंय ते कसं ओळखू?

ही हळदीची खरी अडचण आहे. पिवळ्या रंगाखाली लाली झाकली जाते, आणि सावळ्या त्वचेवर लाली मुळातच कमी दिसते. तिथे डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. बोटांची पाठ चट्ट्यावर आणि मग शेजारच्या चांगल्या त्वचेवर ठेवून बघा. चट्टा जास्त गरम लागतोय का? कड हाताला उंच, फुगलेली लागते का? तिरप्या उजेडात बघितलं तर बारीक पाण्याचे फोड चमकतात. स्वच्छ पांढरं सुती कापड हलकेच टेकवा. त्यावर ओला डाग उमटला तर लस येतेय. रंग घालवायला साबणाने घासू नका. तो वरच्या थरातल्या मेलेल्या पेशींना लागलेला असतो आणि काही दिवसांत त्यांच्याबरोबर निघून जातो.

टूथपेस्ट लावल्यावर तर लगेच गार वाटतं. त्याने भाजेल कसं?

तो गारवा मेंथॉलचा आहे, आणि तो फक्त जाणिवेचा आहे. थंडी ओळखणारे जे मज्जातंतू असतात, त्यांना मेंथॉल परस्पर चेतवतं आणि मेंदूला ‘गार’ असा निरोप जातो. त्वचेचं तापमान मात्र तेवढंच राहतं. या खोट्या गारव्यामुळे माणूस पेस्ट तासन्‌तास ठेवतं आणि नुकसान वाढत जातं.

पेस्टमध्ये फेस येण्यासाठी बहुधा सोडियम लॉरिल सल्फेट घातलेलं असतं. त्वचेवर मुद्दाम दाह उत्पन्न करून मलमांची चाचणी घ्यायची असते, तेव्हा संशोधक हेच रसायन वापरतात, इतकं ते भरवशाचं क्षोभक आहे. ते कौलांमधली चरबी धुऊन काढतं. त्याच्या जोडीला दात घासण्यासाठी घातलेली खडूसारखी किंवा सिलिकाची पूड असते, आणि पुदिना, दालचिनी यांची स्वाददायी तेलं असतात. या स्वादांचीही खरी अ‍ॅलर्जी होऊ शकते.

‘मग तोंडात का भाजत नाही?’ असं लोक विचारतात आणि शंका रास्त आहे. तोंडात पेस्ट दोन मिनिटं असते, लाळेने सतत पातळ होत असते आणि शेवटी चूळ भरली जाते. त्वचेवर तीच पेस्ट घट्ट थर होऊन रात्रभर बसते. फेनाचं द्रव्य तेच, पण संपर्काचा वेळ शेकडो पट.

पण पुळीवर टूथपेस्ट लावली की ती बसते, हे मी स्वतः पाहिलंय.

वरची त्वचा कोरडी पडल्याने पुळी सुकल्यासारखी दिसते, हे खरं. पण पुळी त्याहून खोल, केसाच्या मुळाशी असते. पुष्कळांना त्या जागी पापुद्रा निघतो, मग तपकिरी डाग पडतो, आणि तो डाग पुळीपेक्षा कितीतरी जास्त दिवस राहतो.

मला झालंय ते भाजणं आहे की अ‍ॅलर्जी?

घड्याळापासून सुरुवात करा. काही मिनिटं ते काही तासांत त्रास सुरू झाला, खाजेपेक्षा आग जास्त आहे आणि लाली नेमकी लेपाच्या हद्दीतच आहे, तर ते क्षोभजन्य भाजणं असण्याची शक्यता जास्त. एक ते तीन दिवसांनी सुरू झालं, आगीपेक्षा खाज जास्त आहे आणि चट्टा लेपाची हद्द ओलांडून आजूबाजूला पसरतोय, तर अ‍ॅलर्जीचा विचार करावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड आले, खाज फारशी नाही, रेघा किंवा ओघळ दिसतात आणि कपड्याखालची त्वचा शाबूत आहे, तर लिंबू आणि ऊन.

या खुणा एकमेकांत मिसळतात. एकाच जागी आधी भाजणं आणि मग अ‍ॅलर्जी असंही होतं. त्यामुळे डॉक्टरकडे जाताना काय लावलं, किती वाजता लावलं, किती वेळ ठेवलं आणि त्यानंतर उन्हात गेलात का, हे लिहून न्या. तपासणीइतकाच त्या कागदाचा उपयोग होतो. लाजून लपवू नका. घरचं काही लावलं होतं हे न सांगितल्यामुळे निदान चुकतं.

लावलंय आणि आता आग होतेय. या क्षणी काय करू?

नळाच्या साध्या गार पाण्याखाली ती जागा धरा आणि वीसेक मिनिटं पाणी वाहू द्या. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी थांबू नका. लेप वाळला असेल तर खरवडू नका. ओलं मऊ कापड ठेवून तो भिजू द्या, मग पाण्यानेच सोडवा. लिंबाचं आम्ल मारायला खाण्याचा सोडा लावणं ही दुसरी चूक, कारण त्याने आधीच दुखावलेल्या त्वचेवर आणखी एक क्षोभक पडतं. बर्फ थेट लावू नका. रस किंवा पेस्ट डोळ्यात गेली असेल तर डोळा उघडा ठेवून पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

नंतर जागा टिपून कोरडी करा आणि साध्या, सुवास नसलेल्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. फोड फोडू नका. त्यांचं कातडं हेच सध्या तिथलं सगळ्यात चांगलं ड्रेसिंग आहे. गार पाण्याच्या घड्या दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवल्या की सूज आणि आग उतरते. भाग उन्हापासून कापडाने झाका. बाकी काहीही लावू नका, अगदी ‘सौम्य’ क्रीमही.

घरात पडलेलं स्टिरॉइडचं मलम लावू का?

विचारल्याशिवाय नको. मूळ चट्टा गजकर्णाचा असेल तर स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र मोकळेपणाने पसरते आणि तिची ओळखीची गोल कड पुसली जाते. मग निदान करणं आम्हालाही जड जातं.

लहान बाळाच्या पुरळावर थोडीशी हळद किंवा लिंबू?

काहीही नको. बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठा, त्यामुळे लावलेलं जास्त प्रमाणात आत जातं. आणखी एक लक्षात ठेवा. लिंबू पिळलेले हात न धुता मुलाला उचललं आणि मूल उन्हात गेलं, तर दोन दिवसांनी त्याच्या अंगावर बोटांच्या आकाराचे लाल-काळे वळ उठू शकतात. असे वळ बघून मुलाला मारलं असावं असा संशय घेतला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

चेहरा, पापण्या, गुप्तांग किंवा सांध्याच्या घडीवर झालं असेल, तळहातापेक्षा मोठ्या भागावर फोड असतील, पू, ताप किंवा चट्ट्यापासून वर चढणारी लाल रेघ दिसत असेल, तर त्याच दिवशी. ओठ-जीभ सुजणं किंवा श्वासाला त्रास होणं ही तातडीची बाब आहे, तिथे वाट बघू नका. लहानसा चट्टा धुऊन, झाकून तीन-चार दिवसांत उतरणीला लागला नाही तरीही दाखवा.

आधी हातावर थोडं लावून तपासलं तर?

दहा मिनिटं लावून बघण्यातून फक्त ताबडतोब होणारा त्रास कळतो. अ‍ॅलर्जी त्यात सापडत नाही. दवाखान्यातल्या पॅच टेस्टमध्ये पट्ट्या पाठीवर 48 तास असतात आणि त्या काढल्यानंतरही एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा बघावी लागते. शिवाय तुम्ही तपासता धडधाकट हातावर आणि लावता फुटलेल्या पुरळावर. हातावरून काढलेला निष्कर्ष तिथे लागू होत नाही. लिंबू किंवा टूथपेस्ट पट्टीखाली बांधून घरी चाचणी करणं तर सरळ भाजून घेणं आहे.

सगळं बरं झालं, काळपट डाग राहिलाय. तो उजळायला लिंबू लावू का?

नको. तो डाग दाहानंतर त्वचेत उतरलेल्या रंगद्रव्याचा आहे आणि प्रत्येक नवा दाह त्यात भर घालतो. वरच्या थरातला रंग काही आठवड्यांत ते महिन्यांत फिका होतो, खोल उतरलेला असेल तर जास्त वेळ घेतो. त्याला ऊन लागू देऊ नका. कापडाने झाका, उघड्या भागावर एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं, अतिनील ‘ए’ किरणही अडवणारं सनस्क्रीन लावा आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. सनस्क्रीन सुरू करायचं ते जखम पूर्ण मिटल्यावर, साल निघणं थांबल्यावरच. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी डागाचा फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून फरक जाणवत नाही, तीन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की दिसतो.